नानकटाईचा एकच कोपरा करपतो तेव्हा

आमच्या मुंबईच्या घरातला ओटीजी तीस लिटरचा. वर दोन रॉड, खाली दोन, आत पंखा नाही, दाराला एकेरी काच. दिवाळीच्या नानकटाया त्यात भाजायला घेतल्या की ट्रेच्या मागच्या उजव्या कोपऱ्यातल्या चॉकलेटी व्हायच्या आणि दारालगतच्या पांढऱ्याफटक राहायच्या. पीठ एकच, ट्रे एकच, वेळही तीच, म्हणजे फरक ओव्हनच्या आतल्या जागांमध्ये होता. तो मोजायचा म्हणून क्रॉफर्ड मार्केटजवळच्या केकसामानाच्या दुकानातून ओव्हन थर्मामीटर आणला. हा घड्याळासारख्या तबकडीचा, स्टीलचा असतो. जाळीला टांगता येतो किंवा जाळीवर उभा करता येतो, आणि त्याला बॅटरी लागत नाही.

या थर्मामीटरचा काटा आळशी असतो. त्याच्या आतली धातूची गुंडाळी तापून काटा स्थिर व्हायला दहा-पंधरा मिनिटं लागतात, त्यामुळे दार उघडून झटकन बघितलेल्या आकड्याला अर्थ नसतो. मी तो मधल्या जाळीच्या बरोबर मध्यावर, तबकडी दाराकडे करून ठेवला. नॉब १८० वर लावला आणि काचेतून मोबाइलचा टॉर्च मारून वाचत बसले. दार अजिबात उघडलं नाही.

नॉबशेजारचा दिवा विझला तेव्हा काटा अजून १५० च्या आसपास होता. थोडा भाग काट्याच्या आळसाचा, पण आतले पत्रेही तोवर पुरते तापलेले नसतात. दिवा विझला की प्रीहीट झालं असं आपण धरतो. माझ्या ओव्हनला त्यानंतरही दहा मिनिटं द्यावी लागतात. मग काटा २१० पर्यंत चढला, रॉड बंद झाल्यावर १८५ पर्यंत उतरला, रॉड लागल्यावर पुन्हा चढला. हा चढउतार दोष नव्हे. थर्मोस्टॅट रॉड पूर्ण चालू किंवा पूर्ण बंद एवढंच करू शकतो, त्यामुळे तापमान नेहमी एका पट्ट्यात हलत राहतं. खरं तापमान म्हणून त्या पट्ट्याचा मध्य धरायचा. माझ्याकडे तो १९७ च्या जवळ आला, म्हणजे नॉबवरच्या १८० ला आत जवळजवळ २००.

यावरून सगळीकडे वीस वजा करावेत असं वाटेल, पण हा फरक नॉबच्या प्रत्येक आकड्याला सारखा नसतो. माझ्याकडे १५० ला तो दहाच अंशांचा आहे, २०० ला पंचविसाच्या आसपास. म्हणून रोज लागणाऱ्या तीनच तापमानांसाठी मी नॉबची जागा शोधली आणि पांढऱ्या चिकटपट्टीवर लिहून ओव्हनच्या वरच्या कडेला लावली.

मग आले कोपरे. एक कोपरा रॉड पेटलेला असताना वाचला आणि दुसरा विझलेला असताना, तर दोघांत वीस अंशांचा खोटाच फरक दिसेल. म्हणून थर्मामीटर नव्या जागी ठेवल्यावर दार लावून वीस मिनिटं थांबायचं आणि तिथला सर्वांत वरचा व सर्वांत खालचा आकडा असे दोन्ही लिहायचे. बाजूच्या पत्र्याला तो टेकू द्यायचा नाही, रॉडच्या अगदी पुढ्यातही धरायचा नाही, नाहीतर हवेऐवजी पत्र्याचं किंवा रॉडचं तापमान वाचलं जातं. माझ्या ओव्हनमध्ये मागचा उजवा कोपरा मध्यापेक्षा पंधरा अंशांनी गरम निघाला आणि पुढचा डावा तेवढाच थंड. एकेरी काचेतून उष्णता बाहेर जाते, त्यामुळे पुढची बाजू थंड असणार हे अपेक्षित होतं. उजवं-डावं मात्र मोजल्याशिवाय कळलं नसतं.

आमच्या मजल्यावरचे एक काका तरुणपणी बेकरीत भट्टीवर होते. माझी वही बघून ते म्हणाले, "अगं, हवा मोजलीस ते चांगलं केलंस. आता पाव भाजून बघ. रॉडचा चटका पावाला कळतो." ते अगदी खरं आहे. पदार्थाचा रंग नुसत्या गरम हवेने ठरत नाही. लालबुंद रॉडची थेट झळ त्यावर पडते, आणि चकचकीत थर्मामीटर ती पुरेशी दाखवत नाही. मी जाळीवर साध्या ब्रेडचे काप कडेला कड लावून मांडले आणि रंग येईपर्यंत भाजले. वरच्या खाचेत कापांची वरची बाजू आधी करपली, तळाच्या खाचेत खालची. मधल्या खाचेत दोन्ही बाजू जवळपास सारख्या आल्या आणि तिथेही मागचा उजवा काप सर्वांत गडद होता. थर्मामीटर आणि पाव यांचं एकमत झाल्यावर मला त्या कोपऱ्याबद्दल शंका उरली नाही.

जाळीची खाच ठरवताना जाळी मध्यावर आहे का हे बघायचं नसतं, पदार्थाचा मध्य ओव्हनच्या मध्यावर यायला हवा. नानकटाई जेमतेम दोन सेंटीमीटर उंच, त्यामुळे तिला मधली खाच बरोबर. सात-आठ सेंटीमीटर उंचीचं केकचं भांडं त्याच खाचेत ठेवलं तर फुगलेला केक वरच्या रॉडजवळ जातो, वर पापुद्रा धरतो आणि आत कच्चा राहतो. त्यासाठी जाळी एक खाच खाली घ्यायची आणि भांडं किंचित पुढे, डावीकडे सरकवायचं.

ट्रेचाही हिशेब आहे. ओव्हनबरोबर आलेला ट्रे जाळीएवढाच असतो. तो आत गेला की खालची उष्णता वर यायला वाट राहत नाही, खाली साठते आणि तळ करपतो. मी चारही बाजूंनी तीन-चार सेंटीमीटर जागा सुटेल असा लहान ॲल्युमिनियमचा ट्रे घेतला. तो चकचकीत असल्याने काळ्या ट्रेपेक्षा तळाला रंगही सावकाश येतो.

मग नानकटाया केल्या. फरक ओव्हनचाच दिसावा म्हणून प्रत्येक गोळा पंचवीस ग्रॅमचा वजन करून घेतला आणि ट्रे अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवला. ऑक्टोबरच्या उकाड्यात तूप इतकं सैल होतं की गोळे भाजण्याआधीच पसरतात, आणि पातळ झालेली कड कुठेही ठेवली तरी लवकर तांबूस होते. आत खरे १७० हवे होते, म्हणून चिकटपट्टी बघून नॉब १५५ च्या जवळ लावला. दहाव्या मिनिटाला ट्रे अर्धा फिरवला, म्हणजे मागच्या उजव्या कोपऱ्यातल्या नानकटाया पुढे डावीकडे आल्या. माझ्या ओव्हनचे सर्वांत गरम आणि सर्वांत थंड कोपरे समोरासमोर असल्यामुळे या एका फिरवण्यात दोघांची भरपाई होते. गरम आणि थंड कोपरे दोन्ही मागेच असतील तर ट्रे अर्धा फिरवून ते साधत नाही, तिथे गरम कोपरा रिकामाच ठेवावा. सतराव्या मिनिटाला ट्रे काढला. रंग सगळीकडे फिकट बदामी, वर चिरा पडलेल्या, तळ सोनेरी.

केक असा मध्येच फिरवता येत नाही. मधला भाग धरायच्या आत भांडं हललं किंवा दारातून गार हवा आत गेली तर तो बसतो. साधारण दोन तृतीयांश वेळ झाल्यावर, वरचा भाग हलायचा थांबला की मगच फिरवायचा. तोवर भांड्याची जागाच काम करते. दोन ट्रे एकावर एक मात्र मी या ओव्हनमध्ये ठेवत नाही, कारण वरचा ट्रे खालच्याची वरची झळ अडवतो आणि खालचा वरच्याचा तळ कच्चा ठेवतो. दुसरा ट्रे फ्रीजमध्ये थांबतो, आणि पहिला निघाल्यावर काटा पुन्हा १७० च्या आसपास आला की आत जातो.