चार अंकी लॉग टेबल डेटात उतरवताना : मीन डिफरन्सच्या रकान्यांचा हिशेब

सध्याची स्थिती अशी : चार अंकी लॉग टेबल पूर्ण उतरवून आणि तपासून झालं आहे. साइन आणि कोसाइनही झाले. टॅन्जंटची वरची टोकं अजून बाकी आहेत, त्याचं कारण शेवटी येईलच. अँटिलॉगला अजून हात लावलेला नाही.

आधी एक गोष्ट ठरवावी लागते. आपल्याला लॉग काढायचा आहे, की छापील टेबल जे उत्तर देतं ते काढायचं आहे? लॉगच हवा असेल तर `math.log10` पुरेसं आहे, टेबल टंकत बसायची गरजच नाही. टेबल उतरवायचं ते जुनी आकडेमोड जशीच्या तशी पुन्हा करून बघण्यासाठी, आणि तिथे छापील उत्तर चौथ्या अंकात चुकत असेल तर आपलंही तसंच चुकायला हवं. हे एकदा पक्कं झालं की मीन डिफरन्स सूत्राने तयार करायचे नाहीत हेही ठरतं. ते रकाने म्हणजे स्वतंत्र डेटा, आणि तो पानावरूनच घ्यायचा.

छापील रचना ओळखीची आहे. १० ते ९९ अशा नव्वद ओळी, प्रत्येकीत ० ते ९ असे दहा मुख्य रकाने आणि उजवीकडे १ ते ९ असे मीन डिफरन्सचे नऊ. ३४ ची ओळ घेऊ :

```
34 | 5315 5328 5340 5353 5366 5378 5391 5403 5416 5428 | 1 3 4 5 6 8 9 10 11
```

३.४५६ चा लॉग हवा असेल तर ३४ ची ओळ, ५ चा रकाना, म्हणजे ५३७८. त्यात ६ खालचा फरक ८ मिळवला की ५३८६. हा ८ म्हणजे ०.०००८. सगळं पूर्णांकात साठवावं, दहा हजारपट करून. दशांश अपूर्णांकात साठवलं तर फरक कोणत्या स्थानी मिळवायचा याचा घोळ होतो. शिवाय स्प्रेडशीट `0043` चे पुढचे शून्य गिळून ४३ करते, आणि पुढे कोणीतरी त्याला ०.४३ समजून वापरतं. पूर्णांक असेल तर ४३ हा ४३ च राहतो.

खरी गंमत १० ते १९ या ओळींत आहे. तिथे अनेक आवृत्त्यांत प्रत्येक ओळ दोन मजली छापलेली असते. ० ते ४ हे रकाने वरच्या मजल्यावर, ५ ते ९ खालच्या, आणि दोन्हींना मीन डिफरन्स वेगवेगळे :

```
10 | 0000 0043 0086 0128 0170                          | 5 9 13 17 21 26 30 34 38
   |                          0212 0253 0294 0334 0374 | 4 8 12 16 20 24 28 32 36
```

कारण सरळ आहे. १.००पासून १.०१पर्यंत लॉग ४३.२ एककांनी वाढतो, तर १.०९पासून १.१०पर्यंत ३९.७ नेच. अख्ख्या ओळीला एकच सरासरी लावली तर ४१.४ येते आणि फरकांची ओळ ४ ८ १२ १७ २१ २५ २९ ३३ ३७ अशी होते. काही टेबलांत ती तशीच एकमजली छापलेली असते. त्यावरून १.००९ काढला तर ००३७ येतो. खरा लॉग ०.००३८९, म्हणजे दोन एककांची चूक. दोन मजली टेबल ००३८ देतं. २० च्या ओळीत मात्र शेजारच्या रकान्यांतला फरक २१.७ वरून २०.७ पर्यंतच उतरतो, म्हणून तिथून पुढे एक मजला भागतो.

वरच्या मजल्यावरचा पहिला ५ नीट बघा. त्या अर्ध्या ओळीची सरासरी ४२.४ आहे, तिचा दहावा भाग ४.२, म्हणजे राउंड करून ४ यायला हवा. छापलंय ५. टेबलावरून १.००१ चा लॉग ०००५ येतो, खरा ०.०००४३. फरक सूत्राने तयार करू नयेत असं वर म्हटलं ते यासाठीच. सूत्र इथे ४ देईल आणि आपलं टेबल त्या छापील टेबलाहून वेगळं होईल. आपल्या पानावर ५ असेल तर ५, ४ असेल तर ४. आणि कोणत्या आवृत्तीवरून उतरवलं ते डेटाच्या फाइलमध्येच लिहून ठेवावं, कारण दोन आवृत्त्यांची सरमिसळ नंतर सोडवता येत नाही.

साठवण साधी ठेवली आहे. `base[34]` मध्ये दहा आकडे. `md[34]` मध्ये फरकांची यादी एक, आणि `md[10]` मध्ये दोन.

```python
def log4(n):                      # n = 1000..9999
    r, c, d = n // 100, n // 10 % 10, n % 10
    m = md[r]
    h = c // 5 if len(m) == 2 else 0
    return base[r][c] + m[h][d]
```

फरकांच्या प्रत्येक यादीच्या सुरुवातीला एक ० घातलेला आहे, म्हणजे यादी दहा आकड्यांची होते. तो शून्य नसेल आणि `m[h][d-1]` असं लिहिलं, तर चौथा अंक ० असताना पायथन `m[h][-1]` वाचतो, म्हणजे यादीतला शेवटचा आकडा, ९ चा फरक. एररही येत नाही. ३.४५० चा लॉग मुकाट ५३८९ येतो आणि आपण टेबलात टायपो शोधत बसतो.

दुसरं टोक ९९ च्या ओळीत. ९.९९ चा आकडा ९९९६ आणि ९ खालचा फरक ४, म्हणजे ९.९९९ ला बेरीज १०००० होते. आकडा बरोबरच आहे, खरा लॉग ०.९९९९६ असल्यामुळे. पण मँटिसा चार अंकांत छापणारा कोड इथे पाच अंक छापतो. १०००० आला की मँटिसा ०००० करून कॅरॅक्टरिस्टिक एकने वाढवायचं.

आता तपासणी. मुख्य दहा रकान्यांचं काम सोपं आहे. नऊशे आकडे `round(10000*log10(n/100))` शी ताडायचे, जुळला नाही तो एकतर आपला टायपो किंवा छपाईची चूक. पान उघडून बघायचं. ओसीआर वापरला असेल तर १ आणि ७, ३ आणि ८, ५ आणि ६ यांच्या अदलाबदली इथे झटकन पकडल्या जातात.

फरकांच्या रकान्यांना ही युक्ती लागू पडत नाही, कारण तिथे छापील आकडा सूत्रापासून जवळजवळ एकपर्यंत हलू शकतो. म्हणून दोन सैल चाळण्या लावल्या आहेत. एक, प्रत्येक फरक सरासरीच्या त्या पटीपासून एकच्या आत असावा आणि यादीत पुढे जाताना आकडा कधी उतरू नये. दोन, १ आणि ९, २ आणि ८, ३ आणि ७, ४ आणि ६ या जोड्यांची बेरीज, तसंच ५ ची दुप्पट, सगळी जवळजवळ सारखी यावी. ३४ च्या ओळीत १२, १३, १३, १३, १२ येते आणि खरी सरासरी १२.६ आहे. १० च्या वरच्या मजल्यावर ४३, ४३, ४३, ४३, ४२. जोडीत कुठे १५ किंवा ३८ दिसला की समजावं, अंक चुकला किंवा रकाना सरकला.

तरीही एक चूक दोन्ही चाळण्यांतून निसटते. टंकताना नजर खालच्या ओळीवर घसरते. ३५ च्या ओळीचे फरक १ २ ४ ५ ६ ७ ९ १० ११ असे आहेत. ३४ शी तुलना केली तर दुसरा आणि सहावा एवढेच वेगळे. ३५ चे फरक ३४ ला लागले तर कोणतीही गणिती तपासणी ते पकडणार नाही. यावर उपाय एकच : फरकांचे रकाने दोनदा टंकायचे, एकदा आडवे ओळीनुसार आणि एकदा उभे रकान्यानुसार, मग दोन फाइलींचा `diff`. दोन्ही वेळा आडवेच टंकले तर नजर त्याच जागी पुन्हा घसरू शकते. काम कंटाळवाणं आहे, पण पळवाट नाही.

टेबल शंभर टक्के बरोबर उतरल्यावरही खऱ्या लॉगशी सगळीकडे जुळणार नाही, त्याने दचकू नये. ३.४२९ घ्या. टेबल देतं ५३४० अधिक ११, म्हणजे ५३५१. खरा लॉग ०.५३५१७, चार अंकांत ५३५२. मुख्य आकड्यात ०.२६ कापला गेला, फरकात ०.३३, आणि वर थोडी वक्रतेची भर. असा एकचा फरक टेबलाच्या स्वभावातच आहे. ३४ च्या ओळीसारख्या ठिकाणी दोनचा फरक दिसला तर मात्र आधी आपला डेटा तपासावा.

साइन-कोसाइनमध्ये रकाने ०', ६', १२' असे ५४' पर्यंत आणि फरक १' ते ५' चे. मिनिटांना सहाने भागलं की भागाकार म्हणजे रकाना आणि बाकी म्हणजे फरक. कोसाइनचे फरक पानावर धन छापलेले असतात आणि ते वजा करायचे असतात, ही सूचना पानाच्या वर कुठेतरी बारीक अक्षरात असते. डेटात आकडे धनच ठेवले, आणि टेबलाला `sign = -1` दिला. कोसाइन ३७°२०' : ३७°१८' ला ७९५५, २' चा फरक ४, उत्तर ७९५१. चिन्ह चुकलं तर ७९५९. तपासायला ५' चा फरक घ्यावा, कारण तिथे चूक सर्वांत ठळक दिसते. वजा केलं तर ७९४६, जो ७९५५ आणि पुढच्या ७९४४ च्या मध्ये बसतो. मिळवलं तर ७९६४, थेट बाहेर.

टॅन्जंट अडलाय तो ८० अंशांपासून वर. छापताना पूर्णांक फक्त पहिल्या रकान्यात देतात :

```
80° | 5.6713 7297 7894 8502 9124 9758 0405 1066 1742 2432
```

८०°३६' ला पूर्णांक ५ चा ६ होतो. पानावर ही खूण ठळक टायपाने किंवा अंकावरच्या रेघेने असते आणि स्कॅनमध्ये ती पुसली जाते. अपूर्णांक मागच्यापेक्षा उतरला की पूर्णांक एकने वाढवायचा, हा नियम ८७°३६' पर्यंत चालतो. त्यापुढे सहा मिनिटांतच टॅन्जंट एकाहून जास्त वाढतो, म्हणून तिथे पूर्णांकासकट टंकावं.

फरकांचं तर तिथे जमतच नाही. ८० च्या ओळीत पहिल्या सहा मिनिटांत वाढ ०.०५८४, शेवटच्या सहांत ०.०७०६. सरासरीने ८०°५' काढला तर ५.७२४८ येतो, खरा ५.७१९९. म्हणून बऱ्याच छापील टेबलांत वरच्या अंशांचे फरक कोरेच सोडलेले असतात. अशा ओळींना `md` मध्ये `None` ठेवायचं, शून्य नाही. शून्य ठेवला तर कोड ८०°५' ला गुपचूप ८०°०' चंच उत्तर देईल. `None` असेल तर तो तिथेच अडेल, आणि अडायलाच हवं. या ओळींना शेजारच्या दोन रकान्यांतून इंटरपोलेशन करणारं वेगळं फंक्शन लिहायचं ठरलं आहे. ८०°५' ला ते ५.७२०० देतं, म्हणजे एकाचाच फरक. पण ते छापील टेबलाचं उत्तर नव्हे, म्हणून फंक्शनचं नावही वेगळंच राहील.