आप्पांना का काढलंस?

‘लेख झाला म्हणता, मग द्यायला एवढा वेळ का? त्यात इतकं काय तपासत बसता?’

तपासत बसत नाही, आधी विसरत बसते. ताज्या लेखात मला कागदावरचं दिसत नाही, डोक्यातलं दिसतं; वाक्यात सुटलेला दुवा मन आपोआप भरतं. म्हणून पुढचं वाक्य तोंडपाठ येईनासं होईपर्यंत कागद कपाटात. हे किती दिवसांत होतं ते लेखावर असतं, आणि संपादकांचा तिसरा फोन आला की ते आपोआप लवकर होतं, हेही कबूल.

मग छापील प्रत काढायची आणि पेन्सिल फक्त समासात चालवायची. प्रत्येक परिच्छेद काय सांगतो, ते एका वाक्यात. त्या वाक्यात क्रियापद हवंच. ‘संगमाविषयी’ असं लिहिलं की विषय कळतो, म्हणणं कळत नाही. सगळा लेख झाला की मजकूर झाकून नुसता समास वाचायचा.

सांगलीजवळच्या हरिपूरच्या पेवांवरचा लेख घ्या. पेव म्हणजे हळद साठवायला जमिनीत खणलेलं खोल कोठार. पेवं का संपत गेली, हा लेखाचा प्रश्न होता. समासात उतरलं ते असं: आप्पांची, म्हणजे आजोबांची, आठवण येते. कृष्णा-वारणेचा संगम हरिपुरात आहे. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. पेव असं खणतात. घट्ट मातीमुळे हळद कोरडी राहते. पेव उघडलं की लगेच उतरत नाहीत. २००५ च्या महापुराचं पाणी पेवांत शिरलं.

प्रश्नाला हात लागतो तो थेट सातव्या वाक्यात. महापूर वर आणला, तेव्हा खणण्याचा आणि मातीचा परिच्छेद आपोआप कामाचा झाला, कारण नदीकाठच्या जमिनीत हळद इतकी वर्षं कोरडी कशी राहिली, हे आता वाचकालाच विचारावंसं वाटतं. मानांकन गेलं. संगम एका वाक्यावर आला.

राहिले आप्पा.

तो परिच्छेद माझा सगळ्यात चांगला होता, आजही आहे. आप्पा पेवाच्या तोंडाशी उकिडवे बसलेत, दोरीनं कंदील आत सोडतायत, आम्हां पोरांना मागं हटकतायत. समासात मात्र त्याचं ‘आठवण येते’ याच्या पुढे काही होईना. मी तीनदा वेगळं वाक्य लिहून पाहिलं. ‘पेव जिवंत होतं’ असंही लिहिलं, आणि ते खोटं वाटून खोडलं. आप्पांकडून लेखाला हवं होतं ते एवढंच की बंद पेवातली हवा कोंदलेली असते, माणूस गुदमरू शकतो, म्हणून आधी ते उघडं ठेवतात आणि दिवा सोडून बघतात. ते सहाव्या परिच्छेदात होतंच. कंदील तिथं नेला. आप्पा गेले.

अंक घरी आला. आईनं चष्मा लावून लेख सगळा वाचला आणि विचारलं, “आप्पांना का काढलंस गं?” मी रचना, प्रश्न, समास असं सगळं सांगितलं. ती म्हणाली, “बरं.” त्या ‘बरं’ला अजून माझ्याकडे उत्तर नाही. पूर्वीची मी म्हणाली असती, पहिल्या झपाट्यातलं खरं असतं, हात लावू नये. तिचं सगळंच चुकीचं होतं असं मी म्हणणार नाही. पण तिनं तो परिच्छेद आधी शब्द न् शब्द घासला होता, म्हणून तर तो काढवेना. रचना ठरायच्या आधी वाक्यं घासू नयेत, यामागचं कारण एवढंच.

वाक्यांची पाळी त्यानंतर, आणि तीही मोठ्यानं वाचून. माझं एक वाक्य होतं: ‘महापुरामुळे हरिपूर येथील पेवांचे मोठ्या प्रमाणावर नुकसान झाल्याचे पाहायला मिळाले.’ कोणाला पाहायला मिळालं? ‘मोठ्या प्रमाणावर’ म्हणजे काय झालं? त्याचं केलं: ‘महापुराचं पाणी पेवांत शिरलं आणि अनेक पेवं निकामी झाली.’ आता पाणी काहीतरी करतंय. शिवाय ‘अनेक’ म्हणजे किती, हे गावात विचारायला हवं, तेही इथंच कळलं. जुन्या वाक्यात तो प्रश्न दबला होता.

शब्द सगळ्यात शेवटी. माझे लाडके कोणते ते मला माहीत आहेत: ‘खऱ्या अर्थानं’, ‘एक प्रकारे’, ‘जणू’. संगणकावर एकेक शोधायचा आणि तो काढून वाक्य वाचायचं. काही बिघडलं नाही तर शब्द गेला. वेलांट्या आणि अनुस्वार मी शेवटच्या परिच्छेदाकडून उलट वर वाचत जाते, म्हणजे अर्थाच्या ओघात डोळा पुढे पळत नाही.

एवढं करूनही चुकीचा आकडा मला सापडत नाही. तो मला खराच वाटत असतो, कपाटात कितीही दिवस ठेवा. त्यासाठी लेख हरिपुरात कोणाला तरी वाचून दाखवावा लागतो, आणि त्यांना सवड होईपर्यंत थांबावं लागतं.