शंकूजवळचे १० नक्की कोणाचे?

नागपूरच्या नंदनवन भागात मी घरीच दहावीच्या मुलांची गणिताची शिकवणी घेते. दिवाळीच्या सुट्टीत निम्मी मुलं मामाच्या गावाला पळतात आणि शिकवणी फोनवर येते. ऋतुजा काटोलला गेली होती. तिच्या मैत्रिणीनं, समीक्षानं, महत्त्वमापनाच्या सरावपत्रिकेचा फोटो तिला पाठवला. तिनं तोच मला पुढे ढकलला आणि खाली लिहिलं, ‘ताई, माझं आन् समीक्षाचं उत्तर काहून नाही जुळून राहिलं?’

आकृती नेहमीचीच होती. वर शंकू, मध्ये वृत्तचिती, खाली अर्धगोल, तिघांची त्रिज्या एकच. या खेळण्याचं घनफळ काढा आणि बाहेरून सगळीकडून रंग द्यायचा तर किती पृष्ठफळ रंगवावं लागेल ते सांगा, π = ३.१४ घ्या. मापं सेंटिमीटरमध्ये. आकृतीभोवती तीनच आकडे होते: डावीकडे २९, खाली १२ आणि शंकूच्या उजव्या कडेजवळ १०.

पण फोटो असा की बघत राहावं. पान शिवणीच्या बाजूला फुगलेलं, त्यामुळे शंकूची उजवी कड किंचित वाकलेली. २९ च्या मापरेषेचं वरचं टोक चौकटीबाहेर कापलं गेलेलं. १२ च्या रेषेचं डावं टोक समीक्षाच्या अंगठ्याखाली. आणि फोटो एका फोनवरून दुसऱ्या, दुसऱ्यावरून तिसऱ्या फोनवर येताना दाबला गेला, त्यामुळे बारीक तुटक रेषा जवळजवळ पुसलेल्या. शंकूच्या आत लंब उंचीची तुटक रेषा होती की नव्हती, हेच कळेना.

दोघींची उत्तरं मागवली. ऋतुजाचं घनफळ २२९८.४८ आणि पृष्ठफळ ९०४.३२. समीक्षाचं घनफळ २४४९.२, पृष्ठफळ १४३१.८४. कोण कुठे चुकलं हे बघण्याआधी मला आकृती नीट वाचायची होती, कारण अशा गणितात सूत्रं पाठ असूनही मुलं अडकतात ती आकडा कुठल्या रेषेचा आहे यावर.

कागदावर मी समोरून दिसेल अशी सपाट आकृती काढली: वर त्रिकोण, मध्ये आयत, खाली अर्धवर्तुळ. पत्रिकेतली आकृती घनरूप दिसावी म्हणून जोडावरची वर्तुळं लांबट काढलेली असतात, आणि त्या लांबट आकाराची उभी रुंदी म्हणजे काहीच नसतं, ती फक्त बघण्याचा कोन दाखवते. सपाट आकृतीत ही भानगड राहत नाही. त्रिज्या एकदाच दिसते, आणि अर्धगोलाची खोली म्हणजे त्रिज्याच, हेही डोळ्यांसमोर येतं.

आता १२. हा व्यास की त्रिज्या? त्रिज्येची रेषा केंद्रबिंदूपासून निघून कडेला थांबते. ही रेषा उजव्या कडेपासून निघून मधला बिंदू ओलांडून डावीकडे जात होती आणि मग अंगठ्याखाली शिरत होती. म्हणजे व्यास. त्रिज्या ६. अंगठ्यानं टोक झाकलं असलं तरी रेषा केंद्राच्या पलीकडे गेलीय, एवढं पुरेसं होतं.

मग २९. वरचं टोक कापलेलं, त्यामुळे शंका अशी की हे माप शंकूच्या शिरोबिंदूपासून आहे की शंकूच्या तळापासून. पण मापरेषा शंकूच्या तळाच्या पातळीवर न थांबता तशीच वर, शंकूच्या बाजूनं चौकटीच्या कडेपर्यंत गेली होती. तळाशी थांबायची असती तर तिथेच बाण आणि आडवी छोटी रेघ दिसली असती. म्हणून २९ ही पूर्ण उंची.

खरा गुंता १० चा. आकडा शंकूच्या उतरत्या कडेला चिकटून लिहिलेला, पण सरावपत्रिका बनवणारे जागा नसली की आतल्या लंब उंचीचं मापही बाहेर ढकलतात. तिरकस उंची धरली तर लंब उंची येते √(१०० − ३६) = ८. मग वृत्तचितीची उंची २९ − ८ − ६ = १५. लंब उंची धरली तर वृत्तचिती २९ − १० − ६ = १३, आणि तिरकस उंची √१३६, म्हणजे सुमारे ११.६६.

६, ८, १० हे त्रिकुट बघून मुलं लगेच म्हणतात, ‘ताई, तिरकसच असंल, बरोबर सुटते न!’ हा अंदाज बहुतेक वेळा खराही ठरतो, पण तो पुरावा नाही. पत्रिका काढणाऱ्यानं मुद्दाम √१३६ ठेवलंही असेल.

म्हणून मी फोनच्या पडद्यावर पट्टी लावली. पट्टीनं फोटोतून सेंटिमीटर मोजायचे नसतात; आकृती प्रमाणात काढलेली असेलच असं नाही, आणि फोटो तिरका असला की सगळंच बदलतं. पण एकाच दिशेतल्या दोन लांबींचं गुणोत्तर निदान इशारा देतं. अर्धगोलाची खोली आणि शंकूची उंची दोन्ही उभ्या आहेत, त्यामुळे फोटो वरून थोडा कललेला असला तरी दोन्ही साधारण सारख्याच आखूड होतात. शिरोबिंदूपासून जोडावरच्या लांबट वर्तुळाच्या मध्यापर्यंत २१ मिलिमीटर आले, उतरत्या कडेवरून नाही, मधून मोजलेले. खालच्या जोडाच्या मध्यापासून अर्धगोलाच्या तळापर्यंत १६. गुणोत्तर सुमारे १.३१. लंब उंची ८ असेल तर ते ८/६, म्हणजे १.३३ यायला हवं. १० असेल तर १.६७. पान उजवीकडे फुगलेलं होतं म्हणून मी मोजणी मधल्या भागातच ठेवली.

एवढ्यावरून मी तिरकस उंचीकडे झुकले, पण उत्तर पक्कं सांगायला ते पुरेसं नव्हतं. मूळ पत्रिका समीक्षाकडे प्रतापनगरला होती. तिला सांगितलं की पान टेबलावर सपाट ठेव, शिवणीकडची बाजू हातानं दाब, उजेड खिडकीकडून येऊ दे, फोन पानाच्या बरोबर वर धर आणि फोटो साध्या फोटोसारखा न पाठवता डॉक्युमेंट म्हणून पाठव. तसा पाठवला की तो दाबला जात नाही. नव्या फोटोत १० च्या दोन्ही बाजूंना उतरत्या कडेला समांतर बारीक बाण स्पष्ट होते. लंब उंचीच्या तुटक रेषेवर आकडाच नव्हता. तिथे फक्त काटकोनाची खूण होती.

मापं ठरली: त्रिज्या ६, शंकूची लंब उंची ८, तिरकस उंची १०, वृत्तचितीची उंची १५. आता गणित दोन ओळींचं. π शेवटपर्यंत तसाच ठेवते, मुलांनाही तेच सांगते, नाहीतर प्रत्येक ओळीत दशांश वाढत जातात आणि चूक कुठे झाली ते सापडत नाही.

घनफळ: शंकू ९६π, वृत्तचिती ५४०π, अर्धगोल १४४π. एकूण ७८०π, म्हणजे २४४९.२ घन सेंमी.

पृष्ठफळ: शंकूचं वक्रपृष्ठफळ πrl म्हणजे ६०π, वृत्तचितीचं १८०π, अर्धगोलाचं ७२π. एकूण ३१२π, म्हणजे ९७९.६८ चौ. सेंमी.

समीक्षाचं घनफळ बरोबर निघालं, पृष्ठफळ नाही. तिचे १४३१.८४ भागिले ३.१४ केले तर ४५६π. तिनं तिन्ही घनाकृतींची एकूण पृष्ठफळं घेऊन बेरीज केली होती: शंकूचं ९६π, वृत्तचितीचं २५२π, अर्धगोलाचं १०८π. खऱ्या उत्तरापेक्षा १४४π जास्त. आणि १४४π म्हणजे बरोबर चार वर्तुळं, प्रत्येकी ३६π. जोड दोन, प्रत्येक जोडात दोन वर्तुळं एकमेकांना चिकटून आत गेली, त्यांना ब्रश कुठून लागणार? फरक नेमका इतक्या वर्तुळांचा आला की चूक जोडांचीच आहे हे वही न बघताही कळतं.

ऋतुजाची गंमत वेगळी. तिचं घनफळ ७३२π, म्हणजे १२०π + ४६८π + १४४π. तिनं १० ला लंब उंची मानलं आणि वृत्तचिती १३ धरली. तिथपर्यंत तो निदान एक सुसंगत वाचनाचा मामला होता. पण पृष्ठफळात २८८π आलं, ते ६०π + १५६π + ७२π. शंकूसाठी πrl मध्ये l च्या जागी तेच १० घातले होते! एकच आकडा एका ओळीत लंब उंची आणि दुसऱ्या ओळीत तिरकस उंची. त्रिज्या शून्य असल्याशिवाय हे जमत नाही. तिला फोन करून एवढंच विचारलं, ‘तुझ्या शंकूत h किती आणि l किती?’ थोडा वेळ शांतता, मग, ‘दोन्ही दहा लिहिलं ताई मी. बाप्पा!’ तिला सांगितलं की सूत्राला हात लावण्याआधी सपाट आकृतीवर r, h, l तिन्ही लिहायचे आणि l सगळ्यांत मोठा आहे ना ते बघायचं.

याच नियमानं समीक्षाच्या अंगठ्याचंही काम झालं असतं. १२ ला त्रिज्या आणि १० ला तिरकस उंची धरलं तर लंब उंचीसाठी √(१०० − १४४) येतं, म्हणजे असा शंकूच बनत नाही. मात्र १० लंब उंची धरली तर त्रिज्या १२ चालून जाते, वृत्तचिती ७ उरते आणि गणित मुकाट्यानं चुकीचं सुटतं. तिथे वाचवते ती आकृतीच: तसं असतं तर अर्धगोल शंकूपेक्षा खोल दिसला असता.

त्याच पानावरची पुढची आकृती दोघींना मी तशीच सोडवायला दिली. त्रिज्या ६ आणि उंची १५ ची भरीव वृत्तचिती, वरच्या तोंडाशी अर्धगोल. जुन्या फोटोत कंस फुगीर आहे की आत खोदलेला, हे दिसत नव्हतं. नव्यात तो तोंडाच्या खाली, तुटक रेषेत होता, म्हणजे खोदलेला. घनफळ ५४०π वजा १४४π, ३९६π. पृष्ठफळात मात्र वजाबाकी नाही, कारण खोदल्यावर आतली वक्र बाजूही उघडी पडते: १८०π + ७२π आणि तळाचे ३६π मिळून २८८π. ऋतुजानं तो फुगीर समजून सोडवला आणि तिचंही पृष्ठफळ २८८π च आलं, तेव्हा दोघी खूश झाल्या. घनफळ विचारलं तेव्हा एकीचं ३९६π आणि दुसरीचं ६८४π.