वाघ चार महिन्यांत वाढले नव्हते

२९ जुलै २०२३, शनिवार. जागतिक व्याघ्रदिन असल्यामुळे दिवसभर वाघांच्याच बातम्या येत होत्या. संध्याकाळी देश-विदेशच्या पानासाठी इंग्रजीतला एक लांबलचक लेख आमच्या डेस्कवर आला. २०२२च्या व्याघ्रगणनेचा सविस्तर अहवाल त्या दिवशी प्रसिद्ध झाला होता आणि त्यावर दीड-पावणेदोन हजार शब्द लिहिलेले होते. पानावर जागा होती जेमतेम सव्वाशे शब्दांची. मी तो लेख डेस्कवरच्या नव्या मुलीकडे दिला. इंग्रजी चांगलं, मराठी त्याहून चांगलं, आणि हात वेगाने चालतो. अर्ध्या तासात तिची कॉपी तयार झाली.

नागपुरात वाघाची बातमी म्हणजे घरची बातमी. इथल्या वाचकाने पेंच, उमरेड-कऱ्हांडला, ताडोबा पाहिलेलं असतं. चंद्रपूर, ब्रह्मपुरीकडच्या माणसाच्या शेताच्या बांधावर वाघ येऊन गेलेला असतो. दिल्लीच्या वाचकासाठी जो आकडा असतो, तो आमच्या वाचकासाठी शेतात जायचं की नाही याच्याशी जोडलेला असतो. म्हणून अशी कॉपी मी स्वतः मूळ लेख शेजारी ठेवून वाचते.

तिच्या कॉपीचं पहिलंच वाक्य असं होतं : ‘देशातील वाघांची संख्या एप्रिलमधील ३,१६७ वरून आता ३,६८२ वर पोहोचली आहे.’ वाक्य सुटसुटीत आणि ओघवतं होतं. दोन्ही आकडे लेखात जसेच्या तसे होते. तरी वाक्य पूर्ण चुकीचं होतं.

मी तिला बोलावलं आणि विचारलं, “म्हणजे चार महिन्यांत पाचशे पंधरा वाघ वाढले का गं?”

ती जरा थबकली. “मॅडम, लेखात तर दोन्ही आकडे असेच लिहून आहेत.”

“आहेत ना. पण दोन्हींच्या मधे काय लिहून आहे, ते मला वाचून दाखव.”

तिने वाचलं. एप्रिलचा आकडा म्हैसूरच्या कार्यक्रमात पंतप्रधानांनी जाहीर केला होता. तो किमान आकडा होता, जिथे जिथे कॅमेरे लावले होते तेवढ्या क्षेत्रापुरता. त्यानंतर भारतीय वन्यजीव संस्थेने त्याच गणनेच्या माहितीचं पुढचं विश्लेषण केलं, कॅमेरे नव्हते पण वाघाचा वावर आढळला अशी क्षेत्रं हिशेबात धरली, आणि ३,६८२ ही सरासरी काढली. वरची मर्यादा निघाली ३,९२५. जंगल तेच, गणना तीच, वर्षही तेच, २०२२. एप्रिल ते जुलै या काळात वाढला तो हिशेबाचा आवाका. लेखकाने हे सगळं चौथ्या-पाचव्या परिच्छेदात नीट समजावलं होतं. सारांश करताना हिने आकडे उचलले आणि त्यांना बांधून ठेवणारा मजकूर जागा वाचवायला सोडून दिला. मग उरलेले दोन आकडे ‘वरून’ आणि ‘वर’ लावून एकमेकांना जोडले. हे जोडणं लेखकाने कुठेही केलेलं नव्हतं.

सारांशात सगळ्यात जास्त घात इथेच होतो, असा माझा अनुभव आहे. चुकीचा आकडा लगेच पकडला जातो. बरोबर आकड्यांची चुकीची सोयरीक मात्र तीन जणांच्या नजरेखालून छापून जाते, कारण जो तो मूळ लेखात आकडा शोधतो, तो सापडतो, आणि समाधान होतं. म्हणून मी आकडा ताडताना त्याच्याबरोबर तो कोणत्या जागेचा, कोणत्या काळाचा आणि किमान आहे की सरासरी, हेही लेखातूनच शोधते. जागा किंवा किमान-सरासरी यातलं एक जरी वेगळं निघालं, किंवा काळ एकच निघाला, तर ते दोन आकडे वाढ दाखवायला एका वाक्यात बसत नाहीत. इथे तुलनेला योग्य आकडा लेखातच होता : २०१८च्या गणनेतला २,९६७. तोही सरासरी अंदाजच होता. म्हणजे २,९६७ आणि ३,६८२ शेजारी बसू शकतात, ३,१६७ आणि ३,६८२ बसू शकत नाहीत.

दुसरी गोष्ट तिच्या तिसऱ्या वाक्यात होती : ‘वाघांच्या संख्येत ६.१ टक्के वाढ झाली आहे.’ मी तिला कॅल्क्युलेटर काढायला सांगितलं. २,९६७ मध्ये ६.१ टक्के मिळवले तर ३,१४८ होतात, ३,६८२ होत नाहीत. २,९६७ वरून ३,६८२ ही चोवीस टक्क्यांची वाढ आहे. मग ६.१ आला कुठून? पुन्हा लेखात पाहिलं. तिथे ‘दरवर्षी’ होतं. एक शब्द गाळला आणि वाढ चौपटीने लहान झाली. वार्षिक ६.१ टक्के चार वर्षं चक्रवाढीने धरले, तर आकडा ३,७६० च्या आसपास जातो, म्हणजे ३,६८२ च्या जवळ, पण तंतोतंत नाही. तंतोतंत का नाही, हे लेखात दिलेलं नव्हतं. तेव्हा मी ठरवलं की सव्वाशे शब्दांत ६.१ घ्यायचाच नाही. वाचकाने आमच्यासारखा हिशेब केला तर तो अडखळणार, आणि त्याला उत्तर द्यायला आपल्याकडे जागा नाही. २०१८चा आणि २०२२चा आकडा शेजारी दिला की वाढ किती ते त्याला दिसतंच.

आता झुकतं माप कशाला द्यायचं, हा प्रश्न. आकडे चुकले तर दाखवता येतात, वजन चुकलं तर दाखवायला अवघड जातं. मी त्यासाठी एक साधं काम करते. मूळ लेखाच्या समासात प्रत्येक परिच्छेदासमोर तो कशावर आहे ते पेन्सिलने दोन शब्दांत लिहिते आणि मग नुसता समास वाचते. या लेखाचा समास असा दिसत होता : सुरुवातीचे थोडे परिच्छेद एकूण संख्येवर, मग पद्धत, मग प्रदेशवार चित्र, आणि शेवटचा जवळजवळ एक तृतीयांश भाग अडचणींवर. पश्चिम घाटात काही ठिकाणी घट. मिझोराम, नागालँड, झारखंड, गोवा, छत्तीसगड आणि अरुणाचल प्रदेश यांतल्या वाघांची खालावलेली स्थिती. आणि जवळपास ३५ टक्के व्याघ्र प्रकल्पांना तातडीने संरक्षण वाढवण्याची, अधिवास सुधारण्याची, हरणं-सांबरं वगैरे तृणभक्षी वाढवण्याची, आणि त्यानंतर तिथे पुन्हा वाघ सोडण्याची गरज.

तिच्या कॉपीत या एक तृतीयांश भागाचं एकच वाक्य झालं होतं, तेही अगदी शेवटी : ‘देशातील ३५ टक्के व्याघ्र प्रकल्प धोक्यात आहेत.’ म्हणजे वरचं सगळं चित्र लेखापेक्षा जास्त गुलाबी आणि शेवटचं वाक्य लेखापेक्षा जास्त काळं. दोन्ही बाजूंनी ओढाताण झाली, पण त्याने समतोल साधत नाही. अहवालाने प्रकल्प धोक्यात आहेत असं म्हटलेलं नव्हतं. काय काय करायला हवं ते म्हटलं होतं. भक्ष्य वाढल्यावर वाघ सोडा, हा क्रमसुद्धा त्यात होता. खायला हरीण नसताना वाघ आणून सोडला तर तो गावच्या गुरांकडे वळणार, हे विदर्भातल्या वाचकाला कुणी सांगायला नको. त्यामुळे ‘धोक्यात’ हा एक शब्द काढून तिथे चार कामं लिहायला जागा खर्च करणं मला योग्य वाटलं.

ती म्हणाली, “मग मॅडम, जागा कुठून काढायची?”

तिने ताडोब्यावर, महाराष्ट्रावर तीन ओळी घेतल्या होत्या. मथळाही ‘महाराष्ट्रात ४४४ वाघ’ असा दिला होता. वृत्तसंपादकांनाही तोच मथळा हवा होता आणि मला त्यात वावगं वाटलं नाही. आपल्या वाचकाला आपल्या राज्याचा आकडा आधी सांगणं हे स्थानिक वर्तमानपत्राचं कामच आहे आणि आकडा खरा आहे. मात्र लेखात महाराष्ट्रावर एकच वाक्य होतं. मजकुराच्या तीन ओळी त्याला दिल्या तर अहवाल मुख्यतः महाराष्ट्राविषयी आहे असं वाटलं असतं. मथळा स्थानिक ठेवला, मजकूर लेखाच्या प्रमाणात ठेवला.

मग मी तिला मूळ लेख बंद करून पुन्हा लिहायला सांगितलं. समोर इंग्रजी असलं की वाक्यामागून वाक्य उतरतं आणि जागा संपते तिथे लेख संपतो. बंद केला की काय महत्त्वाचं ते आपोआप वर येतं. लिहून झाल्यावर लेख पुन्हा उघडायचा आणि एकेक वाक्य ताडायचं. दुसऱ्या खेपेला आलेली कॉपी मी किरकोळ हात फिरवून पुढे सोडली :

‘देशात सरासरी ३,६८२ वाघ असावेत, असा अंदाज २०२२च्या व्याघ्रगणनेच्या सविस्तर अहवालात व्यक्त करण्यात आला आहे. हा अंदाज किमान ३,१६७ ते कमाल ३,९२५ असा आहे. २०१८मध्ये सरासरी २,९६७ होती. एप्रिलमध्ये जाहीर झालेला ३,१६७ हा आकडा याच गणनेतील, परंतु कॅमेरे लावलेल्या क्षेत्रापुरता होता. आता कॅमेरे नसलेले क्षेत्रही धरले आहे. मध्य भारत, शिवालिक व गंगेच्या मैदानी प्रदेशात वाघ वाढले; पश्चिम घाटात काही ठिकाणी घटले. सुमारे ३५ टक्के व्याघ्र प्रकल्पांत संरक्षण वाढवणे, अधिवास सुधारणे, तृणभक्षी वाढवणे आणि त्यानंतर वाघ पुन्हा सोडणे तातडीने गरजेचे असल्याचे अहवालात म्हटले आहे. मध्य प्रदेशात सर्वाधिक ७८५ वाघ असून त्याखालोखाल कर्नाटक (५६३), उत्तराखंड (५६०) आणि महाराष्ट्र (४४४) आहेत. प्रकल्पांच्या हद्दीत कॉर्बेटमध्ये सर्वाधिक २६०, तर ताडोब्यात ९७ वाघ आहेत.’

सहा राज्यांची नावं यात आली नाहीत. ती घ्यायची तर सहाही घ्यावी लागली असती. दोनच नावं घेतली असती तर बाकी चार ठिकाणी सगळं ठीक आहे असा अर्थ निघाला असता.

वाक्यांचा क्रम मी मुद्दाम बदलला होता. मूळ लेखात राज्यांचे आकडे आधी आणि ३५ टक्क्यांचा मुद्दा नंतर आहे. पण पान लावताना ओळी जास्त झाल्या की खालून कापतात, वरून कुणी कापत नाही. शेवटी ठेवलेलं वाक्य म्हणजे जाऊ शकणारं वाक्य. राज्यं आणि प्रकल्पांचे आकडे गेले असते तर बातमी अपुरी राहिली असती. ३५ टक्के गेले असते तर ती नुसतीच आनंदवार्ता झाली असती.

रात्री पानावर जाहिरात अर्धा सेंटिमीटर वाढली आणि कॉर्बेट-ताडोब्याचं वाक्य गेलं. दुसऱ्या दिवशी दुपारी चंद्रपूरहून एका वाचकाचा फोन आला. चांगले तापले होते. वाघांची बातमी देता अन् आमच्या ताडोब्याचं नाव नाही, हे काय करून राहिले तुम्ही, असं त्यांचं म्हणणं. मी त्यांना ९७ हा आकडा सांगितला. त्यांनी लगेच विचारलं, “अन् ब्रह्मपुरीकडचे वाघ यात धरले का?” नाही, तो व्याघ्र प्रकल्पाच्या हद्दीतला आकडा आहे, बाहेरचे त्यात नाहीत. “मग तसं लिहा न बाप्पा,” ते म्हणाले. सोमवारच्या विदर्भ पानावर आम्ही ताडोब्याची वेगळी चौकट दिली, ‘प्रकल्पाच्या हद्दीत’ हे शब्द पहिल्याच ओळीत घालून.