दीडशे शब्दांत मटकीचं अमायलेज

बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला आम्हाला प्रयोगाच्या अहवालासोबत ॲब्स्ट्रॅक्ट, म्हणजे त्याचा थोडक्यात गोषवारा, द्यायचं होतं. मर्यादा दीडशे शब्दांची, आणि त्यात उद्देश, पद्धत, निष्पत्ती आणि निष्कर्ष हे चारही हवेत. माझा विषय होता मोड आलेल्या मटकीतल्या अमायलेजवर, म्हणजे स्टार्च तोडून साखर करणाऱ्या एन्झाइमवर, तापमानाचा परिणाम. सांगलीत मटकी कुठेही मिळते, मी गणपती पेठेतून आणली होती. अहवाल इंग्रजीत द्यायचा असला तरी कच्चा मसुदा मी मराठीतच करते. मराठीत शंभर-सव्वाशे शब्दांत बसलं, तर इंग्रजीत साधारण दीडशेच्या आत मावतं.

पहिला खर्डा लिहिला तेव्हा सगळ्यांत जास्त जागा पद्धतीने खाल्ली होती. ते साहजिक आहे, कारण प्रयोगशाळेत आपला वेळ तिथेच जातो. मोड थंड बफरमध्ये वाटायचे, मलमलीतून गाळायचे, सेंट्रिफ्यूज करून वरचं पाणी घ्यायचं. मग अर्धा मिलिलिटर अर्क आणि एक मिलिलिटर स्टार्च वॉटर बाथमध्ये ठेवायचं, वेळ झाली की डीएनएसए हे साखर मोजण्याचं पिवळं रसायन घालायचं. ते अल्कधर्मी असल्यामुळे एन्झाइमचं काम तिथेच थांबतं. नंतर उकळत्या पाण्यात पाच मिनिटं ठेवलं की पिवळा रंग जितकी साखर तितका तांबूस-तपकिरी होतो, तो 540 नॅनोमीटरला वाचायचा. हे सगळं खरं आणि महत्त्वाचं, पण ॲब्स्ट्रॅक्टमध्ये यातलं किती ठेवायचं?

आमच्या मार्गदर्शक मॅडमनी खर्डा वाचून एकच कसोटी सांगितली. "हा तपशील बदलला तर तुझं उत्तर बदलेल का, एवढंच विचार. बदलणार असेल तर ठेव, नाहीतर पद्धतीच्या प्रकरणात जाऊ दे."

त्या कसोटीवर मलमल गेली, सेंट्रिफ्यूज गेलं. 540 नॅनोमीटरही गेलं, कारण "डीएनएसए पद्धत" म्हटलं की वाचणाऱ्याला ते कळतंच. pH 6.9 राहिलं, कारण pH बदलला तर क्रियाशीलतेचे आकडेच बदलतात. "एन्झाइम हे जैविक उत्प्रेरक आहेत" हे सुरुवातीचं वाक्य तर मी लगेच काढलं, ते वाचणाऱ्याला आधीच माहीत असतं.

खरी गंमत "10 मिनिटे" या दोन शब्दांपाशी आली. अर्क आणि स्टार्च किती वेळ एकत्र ठेवले हा तपशील मला किरकोळ वाटण्यासारखा होता. मॅडमनी मात्र जर्नल तपासतानाच विचारलं होतं, "दहाच मिनिटं का?" म्हणून 50 आणि 60 अंशांच्या चाचण्या मी तीन मिनिटांसाठीही करून ठेवल्या होत्या. आकडे समोर ठेवल्यावर तो प्रश्न का होता ते दिसतं. दहा मिनिटांच्या चाचणीत 50 अंशांना मिलिलिटरला 1.00 युनिट आणि 60 अंशांना 0.86. तीन मिनिटांच्या चाचणीत 50 अंशांना 1.02, पण 60 अंशांना 1.14. म्हणजे वेळ कमी केली की पहिला नंबर 60 अंशांचा! (युनिट म्हणजे मिनिटाला एक मायक्रोमोल माल्टोज तयार करणारं एन्झाइम.)

याचं कारण असं, की तापमान वाढलं की अभिक्रियेचा वेग वाढतो, पण त्याच वेळी प्रथिनाची घडी उलगडू लागते आणि काम करणारं एन्झाइम कमी होत जातं. पहिल्या काही मिनिटांत वेगाचा फायदा दिसतो, नंतर नासाडी वरचढ ठरते. म्हणून "अनुकूल तापमान 50 अंश" एवढंच लिहिणं पुरेसं नाही. किती मिनिटांच्या चाचणीत, हे त्याच्याबरोबर यायलाच हवं. ते दोन शब्द वाचवले तर निष्पत्तीच अर्धवट राहते.

निष्कर्षाच्या वाक्यावर सगळ्यांत जास्त वेळ गेला. माझ्या खर्ड्यात "60 अंशांवर अमायलेज निष्क्रिय होते" असं ठाम वाक्य होतं. मॅडम म्हणाल्या, "वेग कमी दिसला हे खरं. पण स्टार्च संपत आलं म्हणून कमी दिसला नाही कशावरून?" याचं उत्तर माझ्याच तक्त्यात होतं. दहा मिनिटांत 50 अंशांच्या नळीत 5.0 मायक्रोमोल माल्टोज तयार झालं होतं, 60 अंशांच्या नळीत 4.3. जिथे जास्त स्टार्च वापरलं गेलं त्या 50 अंशांच्या नळीत वेग जवळजवळ तसाच टिकला होता. तेव्हा स्टार्च कमी पडल्याची शक्यता मागे पडते. पण थेट पुरावा हवा असेल तर नुसता अर्क आधी 60 अंशांवर दहा मिनिटं ठेवून मग 40 अंशांवर त्याची क्रियाशीलता मोजायला हवी, आणि तो प्रयोग मी केलेला नव्हता. म्हणून "होते" ऐवजी "होत जात असावे" असं लिहिलं.

अशाच कारणाने खर्ड्यातल्या "अल्फा अमायलेज" मधला "अल्फा" हा शब्द काढला. कच्च्या अर्कात बीटा अमायलेजही असू शकतं आणि डीएनएसएला दोघांतला फरक कळत नाही, त्याला फक्त रिड्युसिंग शुगर दिसते. "तीन चाचण्यांची सरासरी" याच्या आधी "एकाच अर्काच्या" हे शब्द मात्र वाढवले. तीन वेगवेगळ्या वेळी मटकी भिजवून तीन अर्क केले असते तर फरक जास्त आला असता, आणि ± 0.04 वाचणाऱ्याला ते कळलं पाहिजे.

शेवटी ठरलेला मसुदा असा:

"मोड आलेल्या मटकीच्या अर्कातील अमायलेजच्या क्रियाशीलतेवर तापमानाचा परिणाम तपासणे हा उद्देश होता. तीन दिवस मोड आणलेल्या मटकीचा अर्क 1 टक्का स्टार्चबरोबर pH 6.9 ला 30 ते 70 अंश सेल्सिअसमधील पाच तापमानांवर 10 मिनिटे ठेवला आणि तयार झालेली रिड्युसिंग शुगर डीएनएसए पद्धतीने माल्टोजच्या मापात मोजली. एकाच अर्काच्या तीन चाचण्यांची सरासरी क्रियाशीलता 50 अंशांवर सर्वाधिक, मिलिलिटरला 1.00 ± 0.04 युनिट होती; 30 अंशांवर 0.45, 60 अंशांवर 0.86 आणि 70 अंशांवर 0.32 युनिट होती. 3 मिनिटांच्या चाचणीत मात्र 60 अंशांवरील क्रियाशीलता (1.14) 50 अंशांवरील क्रियाशीलतेपेक्षा (1.02) जास्त होती. त्यामुळे 50 अंश हे तापमान 10 मिनिटांच्या चाचणीपुरते अनुकूल ठरते. 60 अंशांवर अमायलेज सुरुवातीला जलद काम करते, पण चाचणीदरम्यानच निष्क्रिय होत जात असावे."

यात 40 अंशांचा आकडा नाही, तो तक्त्यात आहे. निष्कर्ष ज्या आकड्यांवर उभा आहे तेवढेच इथे घेतले. देण्याआधी इथला प्रत्येक आकडा अहवालातल्या तक्त्याशी बोट ठेवून जुळवला, कारण तक्ता दुरुस्त होतो आणि ॲब्स्ट्रॅक्टमध्ये जुना आकडा तसाच राहतो, हे आमच्या विभागात नेहमी घडतं. मॅडमनी सही केली आणि समासात पेन्सिलीने लिहिलं: "नुसता अर्क, 60 अंश, 10 मिनिटे. सोमवारी करून बघ."