‘त्रिवेणी संगम’ सोडवताना: गडावरच्या एका लेखाचं संपादन

संपादनासाठी येणाऱ्या भटकंतीच्या लेखांत मी आधी शेवटचा परिच्छेद वाचतो, मग ‘आणि’ शोधत वर जातो. दर दोन-तीन वाक्यांनी ‘अमुक, तमुक आणि ढमुक’ दिसलं की पेन्सिल बाहेर येते. राजगडावरच्या लेखाचा हा नमुना बघा, या प्रकारच्या बऱ्याच लेखांवर बेतून मीच जुळवलेला:

‘राजगड म्हणजे इतिहास, निसर्ग आणि साहस यांचा त्रिवेणी संगम. इथली भव्य तटबंदी, रमणीय माच्या आणि थरारक वाटा पाहून मन भारावते, अंगावर शहारे येतात आणि अभिमानाने छाती फुलून येते.’

व्याकरणात चूक नाही, पण राजगडाच्या जागी हरिश्चंद्रगड घातला तरी वाक्य तसंच उभं राहतं. मी प्रत्येक शब्दाला ‘कुठला?’ असं विचारतो. कुठली तटबंदी? संजीवनी माचीची, दुहेरी. याचं उत्तर आहे, म्हणून ती राहते. ‘रमणीय माच्या’ला उत्तर मिळत नाही; तो शब्द जोडी अपुरी वाटली म्हणून भरलेला आहे. मन, अंग आणि छाती यांची तर एकच भावना तीनदा सांगून होते. बहुतेक त्रिकुटांत एक घटक माहितीचा, दुसरा त्याचा सख्खा भाऊ आणि तिसरा तालासाठी आलेला असतो. मोठ्याने वाचलं की हा ताल लगेच कळतो: तिन्ही तुकडे साधारण एका लांबीचे, आणि तिसऱ्यावर आवाज आपोआप खाली येतो. चार-पाच वाक्यं असा आवाज खाली आला की वाचणारा अर्थाकडे बघायचं सोडतो.

उपाय म्हणून तीनाचे दोन किंवा चार करून भागत नाही. नवीन लेखक हटकून तेच करतात आणि साचा फक्त बदलतो. दोन केले तर ‘एकीकडे इतिहास, दुसरीकडे निसर्ग’ अशी तराजूची वाक्यं सुरू होतात. मी उत्तर असलेला एक घटक घेतो आणि बाकीच्यांची जागा त्याला देतो:

‘संजीवनी माचीची तटबंदी दुहेरी आहे. बाहेरचा तट पडला तरी आतला लढता राहावा, अशी ही रचना. दोन तटांमधून एका माणसाने जपून चालावं एवढीच वाट आहे काही ठिकाणी.’

इतिहास आला, साहसही आलं, नावं न घेता. शेवटच्या वाक्यात ‘काही ठिकाणी’ मुद्दाम क्रियापदाच्या मागे ठेवलंय. बोलताना आपण असं बोलतो, आणि क्रियापदावर दरवेळी ठप्पकन थांबणारी चाल त्याने मोडते. दुसरा घटक खरंच हवा असेल तर ‘आणि’ने चिकटवण्यापेक्षा ‘शिवाय’ने पुढच्या वाक्यात न्यावा, किंवा सरळ पुढच्या परिच्छेदात.

मात्र वस्तूच तीन असतील तर हात लावायचा नाही. राजगडाला पद्मावती, सुवेळा आणि संजीवनी अशा तीन माच्या आहेत. साच्याला घाबरून एक गाळली तर ती माहितीची चूक होईल. फक्त तिघींना सारख्या ओळी द्यायची गरज नाही. पद्मावतीवर पूर्वी मुक्काम व्हायचा, एवढं पुरतं. सुवेळेच्या नेढ्याला, म्हणजे कातळातल्या त्या आरपार भोकाला, अख्खा परिच्छेद मिळू दे.

आता शेवट. ‘थोडक्यात काय, तर राजगड हा केवळ किल्ला नसून स्वराज्याचा श्वास आहे. प्रत्येकाने आयुष्यात एकदा तरी इथे यावे. पावसात बालेकिल्ल्याची चढण निसरडी होते, तेव्हा काळजी घ्यावी.’ हा शाळेतल्या निबंधाचा समारोप. गुण मिळायचे म्हणून सवय लागलेली. असा परिच्छेद मी लगेच खोडत नाही. आधी तो हाताने झाकून वरचा मजकूर वाचतो आणि खाली काही नवीन होतं का ते तपासतो. इथे आहे: निसरडी चढण. ती बालेकिल्ल्याच्या वर्णनात हलवायची, रेलिंग धरून चढायच्या टप्प्यापाशी. उरलेलं गेलं तरी कुणाचं अडत नाही.

एवढ्यावर काम संपत नाही, कारण समारोप काढला की त्याच्या वरचं वाक्य हळूच सुभाषित व्हायला बघतं. ‘दगड बोलत राहतात’ वगैरे. तेही काढावं आणि लेख पाली दरवाजाच्या पायऱ्यांवरून उतरताना, पुढची वाट सांगून थांबवावा. अचानक तुटल्यासारखं वाटलं तर कारण बहुधा मधे असतं: एखादा प्रश्न उघडा राहिलेला असतो, उदाहरणार्थ बालेकिल्ला चढायचा की खालूनच परतायचं. त्याचं उत्तर मधेच दिलं की शेवट आपोआप बसतो.

भाषणाच्या शेवटी मात्र मी अशी उजळणी ठेवतो. ऐकणाऱ्याला पान मागे उलटता येत नाही. तेच भाषण स्मरणिकेत छापायचं झालं की पहिली कात्री त्या परिच्छेदाला लागते.