चाळणी अपडेट: 10^9 ला गाडी अडकली, आणि मग सुटली

मागच्या वेळी लिहिलं होतं की मूळ संख्या मोजायला फक्त विषम संख्या ठेवून, एका संख्येला एक बिट अशी चाळणी झालीये आणि 10^8 पर्यंत मस्त पळतेय. म्हटलं आता फक्त लिमिटला एक शून्य वाढवू. चाळणीचं काम n log log n, म्हणजे लिमिट दहापट केली तर काम दहापट आणि वर जेमतेम 4 टक्के. पण वेळ दहापटीच्या पार पुढे गेला. उत्तर मात्र बरोबर, 10^9 पर्यंत 5,08,47,534 मूळ संख्या. बग असता तर बरं झालं असतं असं वाटायला लागलं, बग निदान सापडतो तरी.

आधी वाटलं चाळणीचा फायदा मोठ्या आकड्यांना कमी होत असेल, म्हणून कागदावर एक छोटी खिडकी घेऊन बसलो, 1000 ते 1100. यात विषम संख्या 50, आणि 1100 चं वर्गमूळ 33 च्या आसपास, म्हणजे 3 पासून 31 पर्यंतच्या 10 मूळ संख्या पुरतात. एकेक संख्या तपासायची पद्धत घेतली तर 1009 ला 3 ने भाग जातो का, 5 ने जातो का, असं 31 पर्यंत दहाही वेळा विचारायचं आणि दहाही वेळा 'नाही' ऐकायचं. या खिडकीत मूळ संख्या आहेत 16, म्हणजे 160 भागाकार नुसते नकार ऐकण्यात गेले, संयुक्त संख्यांचे अजून धरलेच नाहीत. चाळणीत प्रत्येक मूळ संख्या फक्त स्वतःचा पाढा म्हणत जाते, जिथे भाग जात नाही तिथे फिरकतच नाही. 31 या खिडकीत दोनच ठिकाणी येतो, 1023 आणि 1085. सगळ्या दहांची मिळून खोडाखोड मोजली तर 55, त्यातही 1001 तीनदा खोडला जातो (7, 11, 13 तिघांचा आहे तो), तरी 55 च. आणि भागाकार एकही नाही, नुसती बेरीज.

10^9 ला हीच तफावत अजून भयानक होते. तिथे वर्गमूळापर्यंत 3401 मूळ संख्या आहेत, त्यामुळे टोकाजवळच्या एकेका मूळ संख्येला साडेतीन हजाराच्या आसपास नकार, आणि एकूण बेरीज 10 हजार कोटींच्या वर जाते. माझ्या चाळणीत खोडाखोड साधारण 100 कोटी. म्हणजे गणित ठणठणीत आहे, दुखणं दुसरीकडेच आहे.

```
perf stat -e cache-misses ./chalni 1000000000
```

हे चालवलं आणि उत्तर समोर. (प्रोफायलिंगसाठी लोक उगाच मोठमोठी टूल्स टाकत बसतात, perf पुरतं हो.) 10^8 चा अ‍ॅरे 6.25 एमबी, माझ्या एल3 कॅशमध्ये मावत होता. 10^9 चा 62.5 एमबी, तो कुठेच मावत नाही. मेमरीतून एका वेळी 64 बाइट येतात म्हणजे 512 बिट, त्यामुळे खोडणारी मूळ संख्या p 512 च्या वर गेली की प्रत्येक खोड नव्याच ओळीत पडते, आणि अशा खोडा एकूण कामाच्या पाव भाग आहेत. एक लवंग हवी म्हणून दर वेळी मार्केट यार्डातून अख्खं पोतं आणायचं, लवंग काढायची आणि पोतं परत पाठवायचं, असा प्रकार चाललेला.

उपाय जुनाच, सेगमेंट करायचे. अख्खा अ‍ॅरे एकदम घ्यायचाच नाही, एल1 कॅशमध्ये मावेल असा 32 केबीचा एकच तुकडा घ्यायचा, सगळ्या मूळ संख्या त्याच्यावरून फिरवायच्या, उरलेले बिट मोजायचे आणि तोच तुकडा पुसून पुढच्या पट्ट्याला वापरायचा. 32 केबीत 5,24,288 पर्यंतची रेंज बसते, म्हणजे 10^9 ला 1908 तुकडे. खरी मेख अशी की प्रत्येक तुकड्यात प्रत्येक मूळ संख्येचा पाढा कुठून सुरू करायचा. बरेच जण तिथे भागाकार करून सुरुवात काढतात, मला ते पटत नाही, भागाकार टाळायला चाळणी घेतली आणि परत तोच मागच्या दाराने आत. पाढा कुठे थांबला ते लक्षात ठेवलं की झालं:

```c
for (i = 0; i < np; i++) {
    j = next[i];
    for (; j < SEG; j += p[i]) clear(j);
    next[i] = j - SEG;
}
```

वरच्याच खिडकीवर बघा, तिथे SEG = 50. 31 चा 1023 हा 11 नंबरचा बिट, मग 42 म्हणजे 1085, मग 73 खिडकीबाहेर. 73 - 50 = 23, पुढच्या खिडकीतला 23 वा बिट म्हणजे 1147, आणि 1147 = 31 × 37. next ची सुरुवात p च्या वर्गाच्या बिटपासून करायची, त्याच्या आधीचे सगळे पट लहान मूळ संख्यांनी खोडलेलेच असतात. वर्ग अजून पुढच्या तुकड्यात असेल तर आतला लूप चालत नाही, नुसतं SEG वजा होत राहतं, वेगळी अट लागतच नाही. हे जमलं तेव्हा फार बरं वाटलं.

वेळ परत दहापटीच्या आसपास आला. तुकड्याच्या साइजबद्दल एक, lscpu मध्ये L1d समोर जो आकडा दिसतो तो सगळ्या कोरची बेरीज असते, 192 वाचून तुकडा 192 केबीचा केला तर तो एल1 मध्ये मावणार नाही. `getconf LEVEL1_DCACHE_SIZE` एका कोरचा आकडा देतं, तो धरा. फार लहान तुकडाही नको, दर तुकड्याला 3400 मूळ संख्यांचा फेरा होतोच आणि बहुतेकांना खोडायला काही सापडत नाही.

आता पुढचं. ठरलं होतं की 30 चं व्हील करायचं, म्हणजे 30 संख्यांमागे 8 बिट, अख्खा एक बाइट, आणि मेमरी अजून जवळजवळ निम्मी कमी. पण हे लिहिता लिहिता 1/p ची बेरीज मांडली तर 3, 5, 7, 11, 13 या पाच जणांचीच खोडाखोड एकूण कामाच्या 40 टक्के निघतेय! आणि या पाचांची नक्षी 15015 बिटांनंतर तीच परत येते, संख्या विषम असल्यामुळे 15015 बाइटचा एक पट्टा बनवला तर बाइटला बाइट जुळतो. तो पट्टा एकदाच बनवायचा आणि दर तुकड्याच्या सुरुवातीला memcpy ने ओतायचा, मग लूप थेट 17 पासून. व्हील गेलं उडत, आधी हे. लिनिअर चाळणी सुचवली होती कोणीतरी, ग्रीस आणि मिश्रांची 1978 ची. प्रत्येक संयुक्त संख्या एकदाच खोडली जाते हे खरं, पण ती मेमरीत इतक्या उड्या मारते की मी आत्ताच ज्यातून सुटलो तिथेच परत नेऊन सोडेल.

पट्टा करणार असाल तर मोजणी 5 ने कमी येईल, कारण तो 3, 5, 7, 11, 13 ला स्वतःलाही खोडतो, ते शेवटी मिळवायचे. 2 तर अ‍ॅरेत नाहीच, तो वेगळा. आणि पहिला बिट म्हणजे 1, तो हाताने काढायचा. पडताळणीला `primesieve 1e9` चालवा, त्याच्याशी वेगात स्पर्धा करायची नाही, फक्त आकडा जुळवायचा. 10^10 चा आकडा 45,50,52,511 यायला हवा, आणि तिथे p*p साठी uint64_t घ्याच, नाहीतर 65537 चा वर्ग 32 बिटांत 131073 होतो, जो 65537 च्या पाढ्यातच नाही, आणि मग चाळणी चांगल्या मूळ संख्या खोडत सुटते.